मंत्रिमहोदय, 'फोल'च्या पुढे काय लिहिलंय ते वाचून दाखवा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी फार्मासिस्ट. 22 वर्षं पुण्यात औषधांच्या काउंटरवर उभी आहे. गेल्या महिन्यात गावाहून भाच्याने माझ्या आईच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, "आत्या, या कोणत्या गोळ्या?" आईला आमवात आहे.

चार ओळींपैकी दोन लागल्या: पॅरासिटामॉल आणि पित्ताची पँटोप्राझोल 40. उरलेल्या दोन्ही 'फोल'ने सुरू, पुढे नुसती रेघ. फोलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट. आमवाताला ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. फोलवाइट म्हणजे फोलिक अ‍ॅसिड, पहिलीचा त्रास कमी व्हावा म्हणून इतर दिवशी देतात. दोन्ही एकाच आजाराच्या चिठ्ठीत शेजारी बसतात, म्हणजे आजारावरून ओळखायची सोय नाही. दोन्हींपुढे 5 होता, आणि 5 मिलिग्रॅमची गोळी दोन्हींत मिळते. दोन ओळींच्या मधोमध 'रवि' खरडलेलं. ते वरच्या ओळीचं की खालच्या?

मी कळवलं, "दोन नावं नक्की. उरलेल्यांत एक आठवड्याची आहे, पण कुठली ओळ ते फोटोवरून मी सांगणार नाही. डॉक्टरांना विचार. तोवर उरलेल्या दोन सुरू करू नका, एकदोन दिवसांनी बिघडत नाही."

दवाखान्याचा फोन कुणी उचलला नाही. गावातल्या दुकानातल्या पोराने मात्र चिठ्ठी एका दमात 'वाचली'. आईने मेथोट्रेक्सेट रोज घेतली, आठ दिवस. तोंड आतून सोलून निघालं, पेज गिळवेना, ताप आला. पांढऱ्या पेशी 1,200 पर्यंत घसरल्या. सहा दिवस दवाखाना, 64 हजार बिल. आणि आई मला म्हणाली, "तुला फोटो पाठवला होता ना गं?" साहेब, त्या रात्रीपासून मला झोप नाही. मी पुन्हा फोन का केला नाही?

2016 पासून नियम आहे: औषधाचं जेनेरिक नाव, सुवाच्य, शक्यतो कॅपिटल अक्षरांत. कोण पाळतं? माझ्या काउंटरवर दहातल्या सात चिठ्ठ्या अंदाजाने वाचाव्या लागतात. मोजल्या नाहीत, पण रोज बघते. 1948च्या फार्मसी कायद्याचं 42वं कलम सांगतं की औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं. त्या दुकानात फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं, माणूस नव्हता. तपासायला कुणी येत नाही. खेड्यातल्या म्हातारीचा जीव तुमच्या खात्याच्या हिशेबात कुठे बसतो, ते तरी एकदा सांगा.

मेथोट्रेक्सेट लिहिताना पूर्ण नाव, वाराचं नाव आणि कशासाठी, एवढं अक्षरांत लिहिणं सक्तीचं करा: "मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा, रविवारी, आमवातासाठी." आणि ओळ लागत नसेल तर डॉक्टरला फोन केल्याशिवाय गोळी देऊ नये, असा लेखी आदेश प्रत्येक दुकानात लावा. फोन उचलायची जबाबदारी दवाखान्याची.

आई आता पट्टीवरचं नाव मला फोनवर वाचून दाखवल्याशिवाय एकही गोळी घेत नाही.

एक फार्मासिस्ट, पुणे