जीडी भरतीचे कॅरोसेल बेळगावात वाचताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्टाफ सिलेक्शन कमिशनची जीडी कॉन्स्टेबल भरतीची जाहिरात निघाली की त्याच दिवशी तिचे पाच-सहा स्लाइडचे मराठी कॅरोसेल फिरू लागते. पहिल्या स्लाइडवर जागा, मग पात्रता, महत्त्वाच्या तारखा, फी, अर्जाच्या पायऱ्या आणि शेवटी ‘मित्रांना पाठवा’. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मुलांपर्यंत ते बहुधा महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी अकादमीकडून पोहोचते. त्यातला मजकूर खोटा नसतो. मात्र तो महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलासाठी लिहिलेला असतो, आणि आपल्याकडचा मुलगा तो जसाच्या तसा अर्जात उतरवतो. आपल्या नोकरीविषयक पानावर आणि समाजमाध्यमांवर असे सारांश देताना काय जोडावे, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी रहिवासाच्या राज्याचे. या भरतीतल्या बहुतेक जागा राज्यवार वाटलेल्या असतात आणि निवड यादीही राज्य, प्रवर्ग, स्त्री-पुरुष अशी वेगवेगळी लागते. म्हणजे अर्जात जे राज्य निवडाल, त्या राज्याच्या उमेदवारांशी तुमची स्पर्धा. कागदपत्रे तपासताना त्याच राज्याचा रहिवासी दाखला मागतात. अर्जातले राज्य आणि दाखल्यावरचे राज्य जुळले नाही तर उमेदवारी रद्द होते. लेखी, धावणे, मैदानी मोजमाप सगळे पार पडलेले असले तरी उपयोग होत नाही. कॅरोसेलवर मात्र ‘डोमिसाईल : आपले सरकार पोर्टल किंवा सेतू केंद्र’ एवढेच असते. खानापूर तालुक्यातल्या मुलाला तो दाखला तिथे मिळणार नाही. त्याने नाडकचेरीत अर्ज करून आपल्या तहसीलदाराचा दाखला घ्यायचा आणि अर्जात राज्य कर्नाटक निवडायचे.

गोंधळ कुठून होतो तेही सांगायला हवे. महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्राच्या राज्य सेवेतील भरतीत सवलत आहे. २००८ च्या परिपत्रकानुसार त्या गावात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला दिला की पोलीस भरतीसारख्या ठिकाणी अर्ज करता येतो. ही सवलत ज्यांनी वापरली आहे किंवा थोरल्या भावाने वापरलेली पाहिली आहे, त्यांना वाटते की जीडीच्या अर्जातही महाराष्ट्र लिहावे. ही केंद्राची भरती आहे. राज्याच्या परिपत्रकाचा इथे संबंध येत नाही.

याच स्लाइडवर आणखी एक ओळ असते : ‘सीमावर्ती जिल्ह्यांसाठी राखीव जागा’. आपल्याकडे सीमाभाग म्हटले की दुसरे काही मनात येतच नाही, त्यामुळे ही ओळ बेळगावसाठीच आहे असे अनेकांना वाटते. तिथे अभिप्रेत आहेत ते आंतरराष्ट्रीय सीमेलगतचे जिल्हे, आणि त्यांच्या जोडीला दहशतवाद किंवा नक्षलवादाची झळ बसलेले जिल्हे. त्यांची यादी मूळ जाहिरातीच्या परिशिष्टात असते. बेळगावची सीमा महाराष्ट्र आणि गोव्याला लागून आहे, परदेशाला नाही. सारांश करणाऱ्याने ‘आंतरराष्ट्रीय’ हा एक शब्द लिहिला असता तरी पुरले असते.

आता वय. २०२५ च्या परीक्षेची जाहिरात उदाहरण म्हणून घेतो, कारण तिच्या तारखा ठरलेल्या आहेत. ती ५ सप्टेंबर २०२४ रोजी निघाली, अर्ज भरण्याची मुदत १४ ऑक्टोबर रात्री ११ पर्यंत होती. कॅरोसेल सांगते : ‘वय १८ ते २३, ओबीसी ३ वर्षे सूट, एससी-एसटी ५ वर्षे सूट’. वय कोणत्या दिवशी मोजायचे ते बहुतेक स्लाइडवर नसते. त्या वर्षी तो दिवस होता १ जानेवारी २०२५, आणि जाहिरातीत जन्मतारखेची मर्यादाच दिली होती : २ जानेवारी २००२ च्या आधी आणि १ जानेवारी २००७ च्या नंतर जन्म नको.

समजा, खानापूर तालुक्यातला एक मराठा मुलगा, जन्म २० डिसेंबर २००१. ऑक्टोबरमध्ये अर्ज भरताना तो २२ वर्षे ९ महिन्यांचा आहे, म्हणून स्लाइड वाचून त्याला आपण बसतो असे वाटते. १ जानेवारीला मात्र त्याची २३ वर्षे पूर्ण होऊन १२ दिवस उलटलेले असतील. खुल्या प्रवर्गात तो बाद. मग त्याची नजर ‘ओबीसी ३ वर्षे सूट’ या ओळीवर जाते. त्याच्याकडे ३बी चा दाखला आहे, कारण कर्नाटकच्या मागासवर्गीयांच्या यादीत मराठा समाज ३बी मध्ये येतो. तो अर्जात ओबीसी निवडतो, जन्मतारीख चालून जाते, फॉर्म सबमिट होतो. अर्ज भरताना संगणक दाखला तपासत नाही, त्यामुळे चूक तिथे कळत नाही.

ती कळते कागदपत्र पडताळणीत. २ए, २बी, ३ए, ३बी हे वर्ग राज्याच्या नोकऱ्यांपुरते आहेत. केंद्राच्या भरतीत ओबीसी म्हणजे कर्नाटकासाठीच्या केंद्रीय यादीत ज्या जातीचे नाव आहे तीच, आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रिमिलेअरचा उल्लेख असलेला. नाडकचेरीतून केंद्रासाठीचा ओबीसी दाखला वेगळा मिळतो. अर्ज देतानाच तसे सांगावे लागते, नाहीतर हातात राज्याचा दाखला पडतो. म्हणून क्रम असा हवा : आधी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर कर्नाटकाच्या केंद्रीय यादीत आपली जात, पोटजातीच्या नावासकट, शोधायची. असेल तर केंद्रीय नमुन्यातला दाखला काढायचा. तो प्रवर्ग अर्जाच्या शेवटच्या तारखेला लागू असायला हवा, त्यामुळे दाखल्याची धावपळ जाहिरातीच्या पहिल्या आठवड्यातच करावी. यादीत नाव नसेल तर ओबीसी निवडू नये. उत्पन्न आणि मालमत्ता निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएस निवडता येते, पण त्यात वयाची सूट नाही. आपल्या उदाहरणातल्या मुलाला त्यामुळे तोही मार्ग नाही. केंद्रीय यादीत जात नसेल तर त्या वर्षी तो अपात्रच ठरतो. हे त्याला ऑक्टोबरमध्ये कळले तर तो दुसऱ्या भरतीकडे वळेल. पडताळणीच्या टेबलापाशी कळले तर वर्ष हातचे गेलेले असते.

उंचीच्या बाबतीत उलटे घडते. मिळणारी सवलत सुटते. पुरुषांना १७० सेंमी आणि महिलांना १५७ सेंमी ही सर्वसाधारण अट. गढवाली, कुमाऊंनी, डोगरा यांच्याप्रमाणे मराठा उमेदवारांनाही ती पुरुषांसाठी १६५ आणि महिलांसाठी १५५ आहे, छातीही ८० ऐवजी ७८ सेंमी, फुगवून ५ जास्त. काही कॅरोसेलमध्ये हे ‘महाराष्ट्रातील उमेदवारांसाठी’ असे लिहिलेले पाहिले आहे, ते चूक. मात्र नुसता जातीचा दाखला दाखवून भागत नाही. त्यासाठी जाहिरातीच्या परिशिष्टात स्वतंत्र नमुना आहे. त्यात गाव, तालुका, जिल्हा लिहून जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांची सही घ्यावी लागते. आपल्या कचेऱ्यांत हा नमुना रोज लागत नाही, म्हणून परिशिष्टाचे ते पान छापून सोबत न्यावे. १६६ सेंमीच्या मुलाने मोजमापाच्या दिवशी हा कागद नेला नाही तर तो १७० च्या अटीत मोजला जाणार.

तारखा आणि फीबद्दल थोडक्यात. फी १०० रुपये. महिला, एससी, एसटी आणि माजी सैनिकांना माफ, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला नाही. त्या वर्षी फी भरण्याची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर होती, अर्जाच्या मुदतीच्या एक दिवस पुढे. अनेक कॅरोसेलनी दोन्ही एकत्र करून ‘शेवटची तारीख १५ ऑक्टोबर’ असे छापले. त्यावर विसंबलेल्याला १५ तारखेला अर्जाची खिडकी बंद दिसली. १५ तारीख फक्त आधी अर्ज भरून ठेवलेल्यांच्या फीसाठी होती. दुरुस्तीची खिडकी ५ ते ७ नोव्हेंबर होती. पहिल्या दुरुस्तीला २०० रुपये, दुसऱ्या दुरुस्तीला ५००, आणि हे पैसे फी माफ असलेल्यांनाही भरावे लागतात. राज्य किंवा प्रवर्ग चुकला असेल तर तेवढ्यात सुधारावा. नंतर विनंती अर्ज चालत नाहीत.

अर्जाच्या पायऱ्यांत पहिली म्हणजे ssc.gov.in वर एकदाच करायची नोंदणी. जुन्या ssc.nic.in वरची नोंदणी इथे चालत नाही. नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहायची. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पुढे आद्याक्षरे असतील तर तसेच. आधार कार्डावर नाव पूर्ण आहे म्हणून ते इथे लिहू नये. सहीची प्रतिमा जेपीईजी, १० ते २० केबी. फोटो त्याच वेळी कॅमेऱ्यासमोर काढला जातो, टोपी-चष्मा नको.

केंद्रे तीन निवडायची, पण एकाच विभागातली. बेळगाव केंद्र कर्नाटक-केरळ विभागात आहे आणि कोल्हापूर पश्चिम विभागात, त्यामुळे निपाणीच्या मुलाला पहिले बेळगाव आणि दुसरे कोल्हापूर असे लिहिता येत नाही. एक मात्र आपल्या बाजूचे आहे आणि कॅरोसेलमध्ये क्वचितच येते : २०२४ पासून ही परीक्षा हिंदी-इंग्रजीशिवाय १३ प्रादेशिक भाषांत होते, त्यात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. राज्य कर्नाटक निवडले म्हणून कन्नडच घ्यावी लागते असे नाही. भाषेचा रकाना वेगळा आहे. भाषा विषयाचे २० प्रश्न तेवढे हिंदी किंवा इंग्रजीतच असतात.

आपण कॅरोसेल कराल तेव्हा एवढे पाहावे : पात्रतेच्या स्लाइडवर वयाऐवजी जन्मतारखेची दोन टोके छापा, प्रत्येक प्रवर्गासाठी वेगळी. अर्ज, फी आणि दुरुस्ती यांच्या तारखा तीन वेगळ्या ओळींत द्या. कागदपत्रांच्या स्लाइडवर ‘कर्नाटकातील रहिवाशांसाठी’ असा वेगळा रकाना ठेवा, आणि मूळ जाहिरातीत परिशिष्टाचे नमुने कोणत्या पानावर आहेत तो पान क्रमांकही. जाहिरातीची पीडीएफ इंग्रजी आणि हिंदीत असते, लांबलचक असते, म्हणून मुले ती उघडत नाहीत. पान क्रमांक दिला तर निदान तेवढे पान उघडतील.

आपले,
स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन करणारे काही शिक्षक,
बेळगाव