ताईंना पाठवायच्या मेलबद्दल

पुणे

प्रिय शेखर,

तुझे दोन्ही मसुदे वाचले. ताईंना मेल पाठवायची आहे आणि भाषा फार कचेरीतली झाली आहे, हे तुला स्वतःलाच खटकलं ते बरं झालं. एवढी वर्षं तुम्ही शेजारच्या टेबलांवर काढलीत. तू दुसऱ्या महाविद्यालयात गेलास आणि तुझी पहिलीच मेल ‘महोदया’ने सुरू झाली, तर त्यांना वाटेल की तू रागावला आहेस, नाहीतर तुझ्या खुर्चीमागे उभं राहून कोणीतरी ती लिहून घेतली आहे.

तुझा पहिला मसुदा असा आहे:

“महोदया, उपरोक्त विषयान्वये आपणांस सविनय कळविण्यात येते की, नॅक मूल्यांकनाच्या अनुषंगाने सन २०२०-२१ ते २०२४-२५ या कालावधीतील विषयनिहाय निकालांची माहिती आवश्यक आहे. तरी सदरची माहिती विहित मुदतीत या कार्यालयास उपलब्ध करून द्यावी, ही नम्र विनंती. आपला विश्वासू.”

यात चूक एकही नाही. जावक क्रमांक टाकून निघणाऱ्या पत्राची हीच रीत आहे. ‘कळविण्यात येते’ या रचनेत कळवणारा माणूस दिसत नाही आणि तिथे तो दिसायलाही नको असतो, कारण पत्र पदाकडून पदाकडे जातं. उद्या खुर्चीवर दुसरं कोणी आलं तरी पत्र तेच राहतं. ताईंना मात्र हे काम तू सांगतो आहेस, म्हणून या मेलमध्ये ‘मी’ हवा. ‘मला पाच वर्षांचे निकाल लागणार आहेत’ असं लिहिलंस की निम्मी ताठरता तिथेच जाते.

दुसऱ्या मसुद्यात तू शब्द सोपे केलेस. ‘सदरची’चं ‘ही’ झालं, ‘विहित मुदतीत’ऐवजी ‘आठ दिवसांत’ आलं, ‘नम्र विनंती’ काढलीस. उरलं काय? “ही माहिती आठ दिवसांत द्यावी.” हे मोठ्याने वाचून बघ. पहिल्यापेक्षा हे जास्त कडक झालं आहे. जुन्या वाक्यात ‘द्यावी’ला ‘नम्र विनंती’ची गादी होती. गादी काढलीस आणि ‘द्यावी’ तसंच ठेवलंस, त्यामुळे नुसता हुकूम उरला. मेल सैल करायला बसणारे बहुतेक जण इथेच अडकतात, कारण त्यांची नजर जड नामांवर असते आणि क्रियापदाकडे जात नाही. तू उलट कर. आधी ‘-वी’, ‘-वे’, ‘-ण्यात यावे’ अशी सगळी क्रियापदं शोध आणि तीच बदल. ती बदलली की ‘उपरोक्त’ आणि ‘अन्वये’ला वाक्यात जागाच उरत नाही.

मग ‘द्यावी’च्या जागी काय? ताईंशी तू बोलताना म्हणतोस ‘पाठवता का?’, तेच लिही. थोडं अदबीचं हवं असेल तर ‘पाठवाल का?’ चालेल. ‘पाठवू शकाल का?’ मात्र नको. त्यांना पाठवता येतं की नाही, हा प्रश्नच नाही. नुसतं ‘पाठवा’सुद्धा तुमच्यात सहज चालतं, पण तोंडाने बोलताना आवाज सांभाळून घेतो, कागदावर आवाज नसतो. म्हणून ‘पाठवा’पुढे कारण जोड: ‘पाठवा, म्हणजे मी लगेच जुळवायला घेतो.’ या ‘म्हणजे’मुळे समोरच्याला कळतं की आपल्या कष्टाचं पुढे काय होणार आहे, आणि मग वेगळी विनंती करायची गरज पडत नाही.

‘आपण’ काढ. ‘तुम्ही’ ठेव. जवळीक दाखवायची म्हणून ‘तू’वर येऊ नकोस, तोंडी जे नाही ते मेलमध्ये आणलंस तर तेही ‘महोदया’इतकंच परकं वाटेल. ताईंना तू कायम अहो-जाहो केलं आहेस आणि त्या अहो-जाहोत माया आहेच. ‘आपण’ एका ठिकाणी मात्र जरूर वापर, दोघं मिळून या अर्थाने: ‘आकडे जुळले नाहीत तर आपण फोनवर बघू.’ तोच शब्द ‘पाठवावे’बरोबर आला की लांब नेतो आणि ‘बघू’बरोबर आला की जवळ आणतो.

दुसऱ्या मसुद्याच्या सुरुवातीला तू ‘स. न. वि. वि.’ घातलं आहेस आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. यामागचा तुझा जिव्हाळा मला कळतो. पण ‘सप्रेम नमस्कार’ म्हटल्यावर वाचणारा घरची खबरबात यायची वाट बघतो, आणि तुझ्या पुढच्याच ओळीत नॅक उभं आहे. ‘ताई, नमस्कार’ पुरे. खाली नुसतं नाव.

एक बारीक गोष्ट. ‘मिळाले तर’ आणि ‘मिळालं तर’ यांतलं काहीही घे, पण एकच घे. एका ओळीत ‘झाले’ आणि दुसरीत ‘केलं’ असलं की अर्धी मेल फायलीतून आणि अर्धी तोंडातून आल्यासारखी वाटते. ताईंना लिहिताना ‘झालं, केलं’ हेच शोभेल.

सैल करताना तारीख आणि वर्षं सैल करू नकोस. ‘जमेल तसं पाठवा’ लिहिलंस तर ताई खरोखरच जमेल तसं पाठवतील आणि तुझा अहवाल अडेल. तारीख लिहिणं उद्धटपणा नाही, फक्त तिच्याशेजारी कारण असू दे.

मी असं लिहिलं असतं:

“विषय: नॅकसाठी पाच वर्षांचे निकाल हवे आहेत

ताई, नमस्कार.

नॅकच्या अहवालासाठी मला २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांचे विषयवार निकाल लागणार आहेत. तुमच्याकडे एक्सेलच्या फायली असतील तर तशाच पाठवा, म्हणजे मी इथे एका तक्त्यात जुळवायला घेतो. २०२०-२१च्या ऑनलाइन परीक्षांचे निकाल वेगळ्या फायलीत असतील तर तीही पाठवता का? १८ तारखेपर्यंत मिळालं तर मला आकडे तपासायला आठवडा मिळेल. एखादं वर्ष सापडायला वेळ लागणार असेल तर तेवढं कळवा, तोवर मी बाकीचं करून ठेवतो. आकडे जुळले नाहीत तर आपण फोनवर बघू.

शेखर”

वाच आणि तुझ्या तोंडात न बसणारा शब्द बेलाशक बदल. ही मेल वाचताना ताईंना तुझा आवाज ऐकू यायला हवा, माझा नाही.

तुझ्या प्राचार्यांना प्रत पाठवावी लागेल का, हे तू लिहिलं नाहीस. लागणार असेल तर दोन्ही गोष्टी एका मेलमध्ये कोंबू नकोस, नाहीतर पुन्हा ‘ताई, कशा आहात’च्या खाली ‘सदरची माहिती’ येईल. पहिला मसुदा लेटरहेडवर छाप, त्यावर जावक क्रमांक आणि सही घे आणि त्याची पीडीएफ जोड. तिथे ‘कळविण्यात येते’ जसंच्या तसं राहू दे, फक्त ‘विहित मुदतीत’ काढून ‘१८ तारखेपर्यंत’ घाल, म्हणजे दोन्हीकडे एकच तारीख राहील. आणि मेलच्या मजकुरात ‘अभिलेखार्थ रीतसर पत्र सोबत जोडलं आहे’ असं काही अवघड न लिहिता ‘फायलीसाठी रीतसर पत्र सोबत जोडलं आहे’ एवढंच लिही. त्या इतकी वर्षं परीक्षा विभागात आहेत, पत्र कशाला लागतं ते त्यांना सांगावं लागणार नाही.

तुझा,
विनय