नकली पाकीट आणि भेसळीची पूड या दोन वेगळ्या गोष्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत हळदीच्या दोन पाकिटांचे फोटो शेजारीशेजारी छापले होते. उजवीकडच्या पाकिटावर तीन लाल वर्तुळं होती: नावाच्या अक्षरांना आलेली गुलाबी कड, वरच्या सीलवरची सुरकुती आणि पारदर्शक खिडकीतून दिसणारी फिकट पूड. खाली लिहिलं होतं, ‘भेसळयुक्त’. मसाल्याच्या पाकिटांच्या छपाईत मी बरीच वर्षं काम केलं आहे, आणि या तिन्हींपैकी एकाही खुणेवरून तो शब्द लिहिता येत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी गुलाबी कड. अशी पाकिटं बहुतेकदा ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात. प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा असतो आणि फिल्म एकामागून एक सगळ्या सिलिंडरवरून वेगाने धावते. फिल्मचा ताण किंवा ड्रायरची उष्णता थोडी बदलली की फिल्म किंचित लांबते आणि एखादा रंग जागेवरून सरकतो. यालाच आम्ही ‘रजिस्टर हललं’ म्हणतो. मशीनवरचा सेन्सर ही चूक सुधारतो खरा, पण चूक झाल्यावरच ती त्याला दिसते. म्हणून रोल सुरू होताना किंवा दोन रोल जोडले जातात तिथे काही मीटर माल थोडा हललेला निघतो. तो काढून टाकायचा असतो, पण सगळाच निघतो असं नाही. दोन-तीन दशांश मिलिमीटरची कड अस्सल पाकिटावरही सापडते.

शिवाय ती कड छपाईतली आहे की कॅमेऱ्याच्या भिंगातली, हेही पाहायला हवं. फोटोच्या कडेला भिंग रंग किंचित विलग करतं आणि अक्षरांना तशीच रंगीत किनार येते. त्याची परीक्षा सोपी आहे. पाकीट त्याच जागी उलटं, म्हणजे वरची बाजू खाली करून, ठेवायचं आणि पुन्हा फोटो काढायचा. किनार पाकिटाबरोबर फिरली तर ती छपाईतली. फोटोच्या त्याच बाजूला राहिली तर भिंगाची. आपल्या फोटोत संशयित पाकीट अगदी कडेला होतं, म्हणून ही शंका अधिकच येते.

नकली छपाई ओळखायची असेल तर मोठ्या अक्षरांपेक्षा घटकांची यादी आणि बारकोड पाहावा. मूळ डिझाइनमध्ये बारीक काळा मजकूर एकाच सिलिंडरवरून छापला जातो, कारण तो चार रंगांत विभागला तर रजिस्टर जरा हललं तरी वाचता येत नाही. अस्सल पाकीट स्कॅन करून नवे सिलिंडर बनवणाऱ्याकडे मूळ फाइल नसते. त्याच्या प्रतीत तेच काळं अक्षर अनेकदा रंगीत ठिपक्यांचं बनतं आणि कडा दातेरी होतात. भिंग लावून जवळून काढलेल्या, स्थिर फोटोत हे स्पष्ट दिसतं, आणि फोटोवरून मिळणारा हाच मला सर्वात भरवशाचा पुरावा वाटतो. तारीख आणि बॅच नंबर मात्र यातून वगळावेत. ते सहसा पाकीट भरताना वेगळ्या यंत्राने उमटतात, त्यामुळे त्यांची जागा थोडी इकडेतिकडे असणं नेहमीचंच आहे.

सीलबद्दल थोडक्यात. सुरकुती आणि सीलमध्ये अडकलेली पूड फोटोत दिसते. हवेत तरंगणारी बारीक पूड सील दाबणाऱ्या यंत्राच्या जबड्यांमध्ये येते आणि सीलला बारीक वाट राहते. हा भरण्याच्या यंत्राचा दोष, आणि तो कुणाच्याही मालात होतो. पाकीट पुन्हा बंद केल्याचा संशय तेव्हा घ्यावा, जेव्हा एका दातेरी नक्षीवर दुसरी वेगळ्या अंतराची नक्षी उमटलेली दिसते. सील गळतं का, हे फोटो सांगू शकत नाही. त्यासाठी पाकीट पाण्यात बुडवून निर्वात दाब देतात आणि बुडबुडे येतात का ते पाहतात.

रंगाची तुलना तर मला सर्वात धोकादायक वाटते. दोन वेगळ्या फोटोंमधले पिवळे रंग ताडून पाहणं निरर्थक आहे, कारण फोन प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा तोल स्वतः ठरवतो. दोन्ही नमुने एकाच चौकटीत, एकाच उजेडात, शेजारी करड्या रंगाचं कार्ड ठेवून घेतले तरच काही बोलता येईल. तेव्हाही दळण जितकं बारीक तितकी पूड फिकी दिसते, ओलाव्याने ती गडद होते आणि उजेडात राहिल्याने हळदीला पिवळा रंग देणारं कुर्क्युमिन विरतं. खिडकीच्या पाकिटात हे शेवटचं कारण आधी तपासावं. उलट, प्रत्येक पाकिटात अगदी तसाच झगझगीत पिवळा दिसला तरी ते शुद्धतेचं लक्षण नाही. रंग मिसळूनही तो साधता येतो.

पाकीट अस्सल असून आतला माल दूषित असू शकतो, याचं उदाहरण २००५ मध्ये ब्रिटनमध्ये घडलं. सुदान-१ हा खाण्यास बंदी असलेला रंग मिसळलेली तिखटाची पूड एका सॉसमध्ये गेली आणि तो सॉस वापरलेली ४०० हून अधिक उत्पादनं बाजारातून परत घ्यावी लागली. ती नामांकित कंपन्यांची, नीट छापलेली, नीट सील केलेली पाकिटं होती. त्यांच्या फोटोवर वर्तुळ काढायला जागाच नव्हती.

आता आपल्या हळदीचा प्रश्न प्रयोगशाळेत कसा सुटेल ते पाहू. ‘भेसळ तपासा’ असं सांगून काही होत नाही. प्रयोगशाळा विचारलं तेवढंच तपासते. चमकीसाठी लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळा रंग घातल्याचा संशय असेल तर शिसं आणि क्रोमियम दोन्ही मागावेत. नुसतं शिसं मातीतून किंवा दळण्याच्या यंत्रातूनही येऊ शकतं. लेड क्रोमेटमध्ये मात्र शिसं वजनाने क्रोमियमच्या साधारण चौपट असतं, आणि दोन्ही वाढलेले व त्याच प्रमाणात सापडले तर संशय पक्का होतो. पिठाची शंका असेल तर सूक्ष्मदर्शक पुरतो. हळकुंडं उकडून वाळवलेली असतील तर त्यांतला स्टार्च फुगून एकजीव झालेला असतो. ध्रुवीकृत प्रकाशात काळा क्रॉस दाखवणारे अखंड स्टार्चकण भरपूर दिसले तर ते बाहेरून आले असण्याची शक्यता मोठी, अर्थात हळद न उकडता वाळवलेली नसेल तर. कुर्क्युमिनचं प्रमाण ४२५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशशोषणावरून काढतात, पण इतर पिवळे रंगही तिथे भर घालू शकतात, म्हणून त्या आकड्यावर एकट्याने विसंबू नये.

नमुना कसा घेतला यावरही अहवालाची किंमत ठरते. उघडलेल्या पाकिटातली चिमूट कुणाची, हे नंतर सिद्ध होत नाही. एकाच बॅचची, न उघडलेली किमान तीन पाकिटं घ्यावीत, बॅच नंबरसह फोटो काढून ठेवावेत आणि एक पाकीट वाद झाल्यास राखून ठेवावं. अहवालात ‘आढळले नाही’ असेल तर शेजारी शोधमर्यादा किती लिहिली आहे ते वाचावं. त्या मर्यादेखाली पदार्थ असू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि अहवाल स्वच्छ आला तरी पाकीट नकली असू शकतं, कारण आत काय आहे हे प्रयोगशाळा सांगते, ते कुणी भरलं हे नाही.

आपल्याला विनंती आहे की, त्या फोटोखालचा ‘भेसळयुक्त’ हा शब्द मागे घेऊन ‘छपाईबद्दल संशय’ असा खुलासा छापावा. पाकीट अजून न उघडता आपल्याकडे असेल तर ते तसंच ठेवून त्याच बॅचची आणखी दोन मिळवावीत, आणि वर सांगितलेल्यांपैकी जी चाचणी करून घ्याल तिचं नाव व शोधमर्यादा निष्कर्षासोबत छापावी.

आपली,
एक वाचक