आई, तुझ्या हाताची चव कुठेही गेलेली नाही

ती. आई-बाबांस,
सा. न.

हे फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर आई "बरं बरं" म्हणून फोन बाबांच्या हातात देते आणि बाबा पावसाचं सांगायला लागतात. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबा, मोठ्याने वाचा, आईचा चष्मा सापडेपर्यंत थांबू नका.

जे ठरवून टाकलंय ते आधी सांगते. सोमवारपासून शोभावहिनी सकाळी नऊला येतील आणि अकरापर्यंत थांबतील. त्यांच्याशी बोलणं झालंय, पैशांचं दादा आणि मी बघतोय, त्यात तुम्ही पडायचं नाही. आई, लगेच तोंड फिरवू नकोस. ओटा तुझाच आहे. काय शिजवायचं, किती शिजवायचं, कुठल्या पातेल्यात, हे तूच सांगायचंस. त्यांच्याकडे मी दोनच कामं दिली आहेत: फोडणी करणं आणि मीठ चाखणं. माईच्या शेवटच्या वर्षात घरात बाहेरची बाई नको म्हणून तू जे काढलंस ते मला आठवतंय, आणि हे तसं नाही. तू थकलीस म्हणून हे केलेलं नाही. तुझं नाक सध्या रजेवर आहे, वास येत नाही, एवढंच.

तू गणपतीपासून म्हणतेस, "मेलं, जिभेला काही कळतच नाही, हाताची चव गेली माझ्या." दिवाळीत मी तुला ओट्यापाशी उभं करून जिभेवर चिमूटभर साखर, मग मीठ, मग लिंबाचा थेंब, मग कारल्याचा तुकडा ठेवला होता. डोळे मिटून तू चारही बरोबर ओळखलेस, वर "कारलं जून आहे" असंही म्हणालीस. म्हणजे जीभ ठणठणीत आहे. पण जिभेला कळतं तेवढंच: गोड, खारट, आंबट, कडू आणि टोमॅटोत किंवा सुक्या मासळीत असतो तो एक भरीव रस. बाकी आपण ज्याला चव म्हणतो, म्हणजे वरणातला हिंग, आमटीतला कढीपत्ता, श्रीखंडातलं जायफळ, तो सगळा वास असतो. घास चावताना तो वास घशाच्या मागून वर नाकात चढतो. आपल्याला मात्र वाटतं की तो तोंडातच आहे.

पटत नसेल तर बाबांवर करून बघ. त्यांना नाक घट्ट दाबून चमचाभर श्रीखंड खायला सांग. आंबट-गोड काहीतरी मऊ आहे, इतकंच ते सांगतील. मग नाक सोडायला सांग, त्याच घासात जायफळ आणि केशर एकदम उगवेल. तुझं नाक गणपतीपासून तसं दाबलेलं आहे, फरक इतकाच की ते सोडता येत नाही. आणि "तिखट लागतं पण चव नाही" असं तू म्हणतेस, तेही बरोबरच आहे. मिरचीचा जाळ, आल्याचा झटका, पुदिन्याचा गारवा हे ना वास ना चव. ते चेहऱ्याच्या वेगळ्या नसेवरून जातं आणि ती नस शाबूत आहे.

आता हे झालं कसं. गणपतीच्या सुमाराला तुला आला तो ताप करोनाचा होता की साध्या फ्लूचा, हे आता शोधून उपयोग नाही, दोन्हींनी असं होतं. सर्दीत नाक चोंदतं म्हणून वास येत नाही, ती गोष्ट वेगळी. तुझं नाक मोकळं आहे, श्वास छान चालतो, डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा आत कोंब किंवा सूज काही नव्हतं. बिघाड आहे तो नाकाच्या अगदी छतापाशी. तिथल्या पातळ अस्तरात वास पकडणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशी. करोनात तर असं दिसलं की विषाणू मुख्यतः या आधारपेशींवरच हल्ला करतो, आणि आधार गेला की वासाच्या पेशीही कोलमडतात. बरी गोष्ट ही की शरीरात मज्जातंतूंच्या ज्या थोड्या पेशी जन्मभर नव्याने उगवतात त्यांत या आहेत. पण नवी पेशी उगवायची, तिचा धागा कवटीच्या चाळणीतून वर मेंदूपर्यंत पोचायचा आणि योग्य जागी जोडला जायचा, याला महिने लागतात. वयाने ते आणखी सावकाश होतं. तुला खोटा धीर देत नाही: पुष्कळांचा वास परत येतो, काहींचा अर्धवट येतो, काहींना वर्षाहून जास्त लागतं.

भूक का मेली, तेही यातच आहे. फोडणीचा वास आला की पहिला घास जाण्याआधीच तोंडाला पाणी सुटतं, पोटात रस सुटायला लागतो, शरीर जेवायला बसतं. तुझ्याकडे ती हाक पोचतच नाही. शिवाय ताटात भाजी, आमटी, लोणचं असा फिरता घास असतो म्हणून आपण जेवत राहतो. तुला सगळं सारखंच लागत असेल तर अर्ध्या भाकरीवर हात थांबणारच. त्यात पोटाचा दोष नाही, तुझ्या मनाचाही नाही. पण भुकेची वाट बघत बसलीस तर ती येणार नाही. जूनमध्ये तुझं वजन ५८ होतं, आता ५५ आहे. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरलं तर आम्ही आहारवाले कान टवकारतो, आणि तू ती रेघ ओलांडली आहेस. (ब्लाउज सैल झाल्याचं तू शिंप्यावर ढकललंस, ते मी ऐकलंय.)

म्हणून यापुढे भूक नाही, घड्याळ बघून खायचं. आठ, अकरा, एक, चार, साडेसात. थोडं थोडं, पण दर खेपेला डाळ, दही, पनीर, मासा यांपैकी काहीतरी हवंच. तुझ्या वजनाला दिवसाला ५५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, अर्धी भाकरी नि आंबट वरण यात त्याचा पाव हिस्सासुद्धा होत नाही. वास नसला तरी जीभ, दात आणि ती तिखटाची नस शिल्लक आहेत, त्यांना काम दे. दहीभातात डाळिंबाचे दाणे घाल. काकडी कोचवून वर लिंबू पीळ. सोलकढीला आमसुलं जरा जास्त पडू देत. कुरकुरीत, आंबट, गार, ऊन असा फरक ताटात असला की घास पुढे सरकतो.

परवा तू रडवेली होऊन सांगितलंस की कॉफी रबर जळल्यासारखी लागली आणि वाटपाचा वास घाण आला. आई, मला ते ऐकून बरं वाटलं. तुला बरं वाटणार नाही, माहीत आहे. नव्या पेशींचे धागे सुरुवातीला अर्धवट, चुकीचे जोडले जातात, म्हणून ओळखीचे वास सडके, जळके लागतात. बरेचदा ही परतीची खूण असते. कॉफी, कांदा, लसूण, अंडं आणि खरपूस भाजलेलं काहीही, यांचाच त्रास सगळ्यात जास्त होतो. म्हणजे आपलं भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप नेमकं नको तिथे येतं. काही दिवस ओल्या खोबऱ्याचं, न भाजता, लसणाशिवाय वाटप करायचं. वास भपकन येऊ नये म्हणून जेवण कोमट होऊ द्यायचं. शोभावहिनींना हे सांगून ठेवलंय.

आता मिठाचं. बाबा, तुम्ही काही बोलला नाहीत हे तुमच्या स्वभावाला धरूनच आहे, पण १६० वर गेलेलं प्रेशर काय आकाशातून पडलं? आईला चव लागेना, ती मीठ वाढवत गेली, आणि तुम्ही "छान झालंय" म्हणत दोनदा वाढून घेतलंत. माणशी दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट चहाचा चमचा. सकाळी दोघांचे दोन चमचे छोट्या डबीत काढून ठेवायचे. दिवसभराचं सगळं त्यातून, लोणचं-पापड खाल्लं तर तेवढं मीठ डबीतून कमी करायचं. डबी संपली की संपली.

सोबत चार काळ्या बाटल्या पाठवतेय, फेकू नका. लवंग, लिंबाची साल, निलगिरी तेल आणि गुलाबाचं अत्तर. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये याच चार वासांवर अभ्यास केला होता: सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. आई, एकेक बाटली वीसेक सेकंद नाकाशी धरायची, हळूहळू लहान श्वास घ्यायचे, भाता चालवल्यासारखं ओढायचं नाही. आणि त्या वेळी तो वास कसा होता ते आठवायचं. लवंगेला माजघरातला मसाल्याचा डबा आठव, तो मी उघडून नाक खुपसायचे आणि शिंका देत पळायचे. पहिले काही आठवडे काहीच कळणार नाही, तरी सोडायचं नाही. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण यात नुकसान काही नाही. वर्तकांच्या सुनेने सांगितलेल्या झिंकच्या गोळ्यांनी वास परत येतो याला आधार नाही. स्टिरॉइड तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, तुमच्या घरात साखर आणि प्रेशर दोन्ही आहेत.

शेवटचं. गुरुवारी एक मुलगा गॅसचा अलार्म बसवायला येईल. सिलेंडरच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात तो घाण वास मुद्दाम घालतात, आणि आईला तोच येत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणून अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा. मुलगा वर छताशी लावायला निघाला तर बाबा, त्याला अडवा. रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम आता तुमचं. दुधाच्या पातेल्यावर आणि फ्रीजमधल्या डब्यांवर तारखेची चिठ्ठी लावायची, नासलेलं आईला वासावरून कळणार नाही.

संक्रांतीला मी येतेय. वजनकाटा घेऊनच येईन, त्यामुळे आदल्या दिवशी पोटभर जेवून चालणार नाही. मुलांना आजीच्या हातचं थालीपीठ हवंय. थाप तूच, मीठ वहिनी घालतील.

तुमची,
मनू