सूचना : मानसिक आरोग्याच्या कॅरोसेलमधले बदल

मंडळाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

१० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनासाठी तयार केलेल्या कॅरोसेलमधली दुसरी स्लाइड बदलली आहे. जुना मसुदा कृपया पुढे पाठवू नये.

त्यात लिहिलं होतं, "ही पाच लक्षणं असतील तर तुम्हाला डिप्रेशन आहे." झोप उडणं, थकवा, कशात मन न लागणं हे थायरॉइडच्या त्रासातही होतं आणि रक्त कमी असतानाही. कारण काय, हे तपासूनच कळतं. ते डॉक्टरांचं काम, आपल्या स्लाइडचं नव्हे. आता तिथे असं आहे : "झोप, जेवण किंवा रोजची कामं दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडली आहेत का? डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी एकदा बोलून बघा. सोबत कुणी आलं तरी चालतं."

टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक शेवटच्या स्लाइडवरून उचलून पहिल्याच स्लाइडवर घेतला आहे, कारण शेवटपर्यंत सरकवतं कोण! ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. चित्रातल्या आकड्यांवर बोट ठेवून फोन लागत नाही, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना क्रमांक खाली टाइप करावा.

कॅरोसेल वाचून कुणी तुम्हाला स्वतःबद्दल लिहिलं, तर ऐकून घ्या, आजाराचं नाव सांगू नका, क्रमांक द्या. जीव देण्याची भाषा असेल तर त्यांना एकटं सोडू नका. धोका लगेचचा वाटला तर ११२.

– कार्यवाह