शिबिरातील साखर आणि निदान

शहरातील शिबिरात रँडम, म्हणजे खाण्याची वेळ न पाहता मोजलेली, रक्तातली साखर १४० च्या वर आलेल्या सर्वांना 'मधुमेही' म्हणणारी बातमी वाचली. १४० ही पुढील तपासणीस पाठवण्याची रेषा आहे, निदानाची नव्हे. चहा-पोह्यांनंतर तासाभरात ग्लुकोमीटरवर १६८ आलेल्या व्यक्तीला मधुमेह असेल किंवा नसेलही. बोटाला प्रसादाचा गोडवा चिकटलेला असला तरी आकडा फुगतो. म्हणून हात धुऊन, कोरडे करूनच टोचावे. अशा व्यक्तीने प्रयोगशाळेत शिरेतील रक्त द्यावे: आठ तास उपाशीपोटी, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० पासून पुढे मधुमेह मानतात. लक्षणे नसतील आणि एकच आकडा वाढलेला असेल, तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात.

रँडम २०० च्या वर आणि सोबत खूप तहान, वारंवार लघवी, वजनात घट असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. उलट्या किंवा धाप असल्यास थेट रुग्णालय. शिबिराच्या चिठ्ठीवर आकड्यासोबत शेवटच्या खाण्याची वेळही लिहिली जावी. तिच्याशिवाय १३५ हा आकडाही नीट वाचता येत नाही.

— एक वाचक, पुणे