अर्णवला वाफारा देण्याआधी

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस की अर्णवचा घसा बसला आहे, सासूबाईंनाही खोकल्याची ढास लागते आहे आणि आज रात्री दोघांनाही पातेल्यातला वाफारा द्यायचा तुझा विचार आहे. फोनवर मी तुला एवढेच सांगितले की अर्णवला पातेल्यासमोर बसवू नकोस, पण कारण सांगायचे राहून गेले. जळीत विभागात परिचारिका म्हणून मी जी वर्षे काढली, त्यात हे कारण मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून आता सविस्तर लिहिते.

प्रथम, वाफाऱ्याने काय होते ते नीट समजून घे. कोमट, ओलसर हवा नाकात आणि घशात गेली की वाळून चिकटलेला शेंबूड व कफ सैल होतो, कोरड्या पडलेल्या घशाला ओलावा मिळतो आणि काही वेळ बरे वाटते. रात्री झोपण्यापूर्वी एवढा आराम मिळाला तरी माणसाला झोप लागते, हे मी नाकारत नाही. मात्र वाफेने विषाणू मरत नाहीत आणि सर्दीचे दिवसही कमी होत नाहीत. २०२१ सालच्या लाटेत घरोघरी दिवसातून चार-चार वेळा वाफारे घेतले जात होते, ते याच गैरसमजातून. वाफारा हा आरामाचा उपाय आहे, आणि आरामासाठी किती धोका पत्करायचा हे त्याच मापाने ठरवायला हवे.

आता धोक्याचे. आपण समजतो की वाफेने चेहरा भाजेल, म्हणून तोंड जरा लांब धरले की झाले. वाफेचा चटका बसतोच, परंतु आमच्याकडे आलेली बहुतेक मुले वाफेने भाजलेली नसत; ती पातेल्यातल्या पाण्याने भाजलेली असत. एक पाच वर्षांचा मुलगा मला अजून आठवतो. आजीने पलंगावर पाट ठेवला, पाटावर पातेले ठेवले आणि नातवाला मांडी घालून समोर बसवून डोक्यावरून चादर घातली. आत अंधार आणि उकाडा झाल्याने तो घाबरून एकदम उठला, त्याचा गुडघा पाटाला लागला आणि सगळे पाणी त्याच्या मांडीत ओतले गेले. मांडी घातलेली असली की मांड्यांच्या मधे खळगा होतो, तिथे पाणी साचते, आणि भिजलेली चड्डी ते उकळते पाणी कातडीला धरून ठेवते. चेहऱ्यावर एक ओरखडाही नव्हता, पण दोन्ही मांड्या आणि त्यांच्या आतली नाजूक जागा भाजली होती. त्या बाळाला सहा आठवडे ड्रेसिंग लागले आणि एकदा कातडी लावावी लागली. आजीचे प्रेम खरे होते, म्हणूनच मला ते अधिक लागले.

पाणी थोडे निवू दिले तर चालेल, असे तुला वाटेल. ६० अंश सेल्सियसचे पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते, आणि लहान मुलाची कातडी पातळ असल्याने त्याहूनही लवकर. ज्या पाण्यातून छान वाफ येते आहे ते सहसा याहून गरमच असते. पाणी निवल्याने वाफेचा चटका कमी होतो, सांडल्यावरचा धोका जात नाही. म्हणून मुलाच्या बाबतीत सुरक्षित पातेले असे काही नसते. विजेवर चालणारे वाफेचे यंत्रही याला अपवाद नाही, कारण ते कलंडले की आतले उकळते पाणी बाहेर येते.

अर्णवसाठी असे कर. तुमच्या मोठ्या बाथरूममध्ये विजेचा गीझर आहे, तिथेच हे कर. लहान बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे, तिथे दार बंद करून कधीही बसू नका, कारण त्याच्या जळण्याने तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बसल्या जागी गुंगी येऊन माणूस दगावतो. खिडकी लावून घे, शॉवरचे तोंड भिंतीकडे करून गरम पाणी सोड आणि आरसा धुकट झाला की अर्णवला मांडीवर घेऊन शॉवरपासून लांब, दाराजवळ स्टुलावर बस. खाली गरम पाण्याची बादली ठेवू नकोस. दहा मिनिटे गोष्ट सांगायला पुरेशी आहेत. तो कंटाळला किंवा घाबरला तर लगेच बाहेर ये, आणि बाहेर आल्यावर त्याचे अंग पुसून कोरडे कपडे घाल. पाण्यात कापूर, निलगिरीचे तेल किंवा बाम घालू नकोस. कापूर लहान मुलांच्या अंगात गेला तर झटके येऊ शकतात.

सासूबाईंना पातेल्याचा वाफारा देता येईल, पण त्यांचा मधुमेह लक्षात ठेव. त्यांच्या पायांना चटका पटकन जाणवत नाही आणि जखमही लवकर भरत नाही. जाड व रुंद बुडाचे पातेले अर्ध्याहून कमी भर, उकळी आली की गॅस बंद करून पाच मिनिटे थांब, आणि पातेले ओट्यालगतच्या टेबलावर ओल्या फडक्यावर ठेव, म्हणजे ते घसरणार नाही. खोलीपर्यंत पातेले उचलून नेऊ नकोस, ते वाटेतच डचमळते. त्यांना खुर्चीवर बसव, चष्मा काढून ठेव आणि आधी स्वतःचा चेहरा धरून वाफ सोसते का ते पाहा. तोंड पातेल्यापासून हातभर लांब असावे, टॉवेल खांद्यांवरून सैल असावा आणि डोळे मिटलेले असावेत. पाच ते सात मिनिटे पुरतात, आणि तोवर तू शेजारीच उभी राहा. गरगरले तर त्यांना उभे करू नकोस. टॉवेल काढ, पातेले आत सरकव आणि त्यांना बसूनच राहू दे. त्यांना दम्याचा त्रास असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचार.

एवढे करूनही चुकून भाजलेच, तर कपडे व डायपर तत्काळ उतरव. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नकोस. भाजलेला भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटे धर, आणि मुलाचे बाकीचे अंग उबदार ठेव. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नकोस. त्यानंतर स्वच्छ सुती कापड सैल झाकून डॉक्टरांकडे ने, आणि चेहरा, हात किंवा जांघ भाजली असेल तर १०८ ला फोन कर.

आणखी एक. अर्णवची लाळ गळू लागली, त्याला गिळता येईना किंवा श्वास घेताना घरघर होऊ लागली, तर वाफाऱ्यात एक मिनिटही न घालवता त्याला दवाखान्यात ने. तसे नसेल, तर झोपताना अर्धा चमचा मध दे. तो आता चार वर्षांचा आहे, त्यामुळे मध चालतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र देत नाहीत. सासूबाईंनी कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या केल्या तरी त्यांना बरे वाटेल. उद्या सकाळी फोन कर, रात्र कशी गेली ते सांग.

तुझी,
आई